पहिल्या तीन ओळी

नेत्राच्या हाताला एक शिस्त होती. मेलचा कितीही मोठा गुंता तिच्यापुढे टाकला, तरी ती तारीखवार उतरवून काढायची. अमुक दिवशी अमुक साहेबांनी हे विचारलं, तमुक दिवशी तमुकांनी हे उत्तर दिलं. एकही मेल सुटायची नाही. अलिबागच्या वकिलाकडे टायपिस्ट असताना लागलेली ही सवय. पुढे ती खाडीकाठच्या कारखान्याच्या समाजकार्य विभागात नोकरीला लागली, तिथे तिला चौदा वर्षं झाली, आणि या चौदा वर्षांत "नेत्राचा सारांश म्हणजे बघायला नको" असं तीन मॅनेजर म्हणून गेले. बघायला नको याचा खरा अर्थ, कोणी बघतच नाही, हे तिला कळायला खारपेढ्याचा बांध यावा लागला.

खारपेढे हे तिचं माहेर. रेवसच्या आतल्या अंगाला, खाडीला लागून. गावाची भातशेती भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे. मध्ये मातीचा बांध आहे म्हणून ती शेती. बांधात एका जागी उघाडी आहे, दगडी बांधकामात बसवलेल्या पाच लाकडी झडपा. भरती चढली की पाण्याच्या जोरानं त्या आपोआप मिटतात, ओहोटीला उघडून पावसाचं पाणी बाहेर सोडतात. माणूस लागत नाही, फक्त झडपा शाबूत लागतात. त्या वर्षी पाचातल्या दोन कुजल्या होत्या, आणि उघाडीच्या दक्षिणेला वीस मीटर बांध खचून कंबरेएवढा राहिला होता. कारखान्याचे मालवाहू बार्ज त्याच पाण्यातून जात-येत, त्यांच्या लाटा बांधावर आपटत, म्हणून दुरुस्ती कारखान्यानं करावी असं गावानं लिहून दिलं होतं. नोव्हेंबरात त्यावर पहिली मेल निघाली. मे महिना उजाडला तेव्हा त्याच विषयाखाली त्र्याऐंशी मेल झाल्या होत्या, आणि बांधावर मातीचं एक घमेलंही पडलं नव्हतं.

आपण तिथल्या आहोत हे नेत्रानं ऑफिसात कधी बोलून दाखवलं नव्हतं. लग्न होऊन ती नागावला गेली, आडनाव बदललं, बोलणं बदललं. आई, सखुबाई, मात्र अजून खारपेढ्यातच होती. एकटी. दीड एकर खार, म्हणजे बांधाआडची भातजमीन, राखून.

मेच्या चौदा तारखेला प्रणय सर तिच्या टेबलाशी आले. विभागाचे मॅनेजर, वय बत्तीस, पुण्याहून आलेले, स्वभावानं वाईट म्हणावेत असे मुळीच नाहीत. "नेत्राताई, खारपेढ्याचा सारांश परत करायचाय. कुलदीप सरांचा मुंबईच्या हेड ऑफिसातून फोन होता. ते म्हणाले, एप्रिलात पाठवलेला वाचून काहीच कळलं नाही."

"चार पानं होती, सर. सगळं होतं त्यात."

"तेच म्हणाले ते. सगळं होतं." प्रणय सर हसले. "ते गाडीत फोनवर वाचतात. पहिल्या तीन ओळींत दिसलं पाहिजे. काय ठरलं, कधीपर्यंत, आणि कोण करणार. बाकीचं खाली टाका, ज्याला हवं तो वाचेल."

तिला ते लागलं. पण जेवणाच्या सुट्टीत तिनं स्वतःच्या फोनवर आपलाच एप्रिलचा सारांश उघडून पाहिला. पडद्यावर आलं ते असं: "सतरा नोव्हेंबर रोजी ग्रामस्थांचे निवेदन प्राप्त झाले. अठरा नोव्हेंबर रोजी ते जेट्टी विभागाकडे पाठवण्यात आले." पुढे अंगठ्यानं सरकवत जायचं. ती सरकवत गेली, सरकवत गेली, आणि आपल्याच लिखाणाचा तिला कंटाळा आला.

मग तिनं एका वहीत रकाने पाडले. तारीख, कोणी लिहिलं, कोणाकोणाला गेलं, आणि शेवटच्या रकान्यात तीनपैकी एकच शब्द: सुचवलं, विचारलं, की ठरलं. मेल तिनं शेवटून वाचायला घेतल्या, कारण आधी ठरलेलं मागाहून कोणी फिरवलं असलं तर ते शेवटीच सापडणार. दोन दिवस ती त्यावर बसली. त्र्याऐंशीपैकी "ठरलं" असं लिहिता येईल अशी मेल निघाली एकच. दोन मार्चची, कुलदीप सरांची. दीड ओळीची. "पाचही झडपा बदला, दक्षिणेकडचा भाग भरून घ्या. मंजूर. टीमनं पावसाआधी उरकावं."

मग तिनं एप्रिलचा सारांश काढला. ही मंजुरी त्यातही होती. तिनं स्वतः लिहिली होती, तिसऱ्या पानावर, पाहणीसाठी होडी कोणी सांगायची आणि पाहुण्यांचं जेवण कुठे ठेवायचं या दोन नोंदींच्या मधोमध. सहा एप्रिलला तिनं ती आपल्या हातानं टाइप केली होती आणि ती मंजुरी आहे हे तिच्या लक्षात आलं नव्हतं.

मुदत शोधायला तिला आणखी खाली जावं लागलं. "पावसाआधी" ही काही तारीख नव्हे. सरकारी इंजिनिअरच्या एका मेलला तक्ता जोडलेला होता, त्यात ती सापडली. पंधरा जूनची अमावास्या, सोळा-सतराला दुपारी वर्षातल्या मोठ्या भरत्यांपैकी एक. काम दहा जूनला पुरं व्हायला हवं, आणि झडपा पनवेलच्या कारखान्यात बनायला तीन आठवडे लागतात, म्हणजे वीस मेच्या आत सांगायला हव्या.

राहिला तिसरा रकाना. कोण करणार?

जेट्टी विभागाचे सुपरवायझर दत्तात्रेय हे काम करतील असंच सगळे धरून चालले होते. माणगावकडचे, निवृत्तीला सव्वा वर्ष राहिलेले, खाडीतल्या मातीकामात उभा जन्म गेलेले. त्यांच्या तीन मेल होत्या, मार्चात एक, एप्रिलात दोन. तिन्हींत एकच प्रश्न: "मंजुरी आली का? आल्यास माणसे लावतो." नेत्रा चक्रावली. मंजुरी तर दोन मार्चलाच आली होती. मग तिनं दोन मार्चच्या मेलवरची नावं एकेक करून तपासली आणि तिला उलगडा झाला. दत्तात्रेयांचं नाव मेलमध्ये घातलं गेलं फेब्रुवारीच्या अखेरीस. कुलदीप सरांनी मंजुरी लिहिली ती जानेवारीतल्या एका जुन्या मेलला उत्तर म्हणून. ती जुन्याच नावांना गेली. त्यात जेट्टी विभागाचे आधीचे प्रमुख होते, जे तोवर बदलून गुजरातला गेले होते. दत्तात्रेय नव्हते. म्हणजे एकाच विषयाच्या दोन फांद्या झाल्या होत्या. एकीवर मंजुरी पडून होती आणि दुसरीवर माणूस तिची वाट बघत होता.

दोन्ही फांद्यांवर नाव होतं अशी माणसं दोनच. प्रणय सर आणि ती स्वतः. मंजुरीच्या मेलखाली प्रणय सरांचं त्याच दिवशीचं उत्तर होतं: "नोंद घेतली, सर."

तिनं नवा सारांश लिहिला. ऑफिसची मेल इंग्रजीत असते, पण तिनं आधी मराठीत वहीत लिहून पाहिलं, शब्द वाकडातिकडा जाऊ नये म्हणून.

"निर्णय: उघाडीच्या पाचही झडपा बदलणे व दक्षिणेचा वीस मीटर बांध भरणे. मंजुरी कुलदीप सर, दोन मार्च.

मुदत: काम दहा जूनला पूर्ण. त्यासाठी झडपांची ऑर्डर वीस मेपर्यंत.

जबाबदार: कोणाचेही नाव ठरलेले नाही. दत्तात्रेय यांना मंजुरीची मेल पोहोचलेली नाही. आज नाव ठरवावे."

त्याखाली अजून न सुटलेले दोन प्रश्न, आणि त्याही खाली दहा ओळींत मागची हकिकत. सगळं मिळून एक पान.

प्रणय सरांनी ते वाचलं आणि दार लावून घेतलं.

"छान झालंय. एकदम स्वच्छ. फक्त ही तिसरी ओळ अशी जाऊ शकत नाही."

"ती खरी आहे, सर."

"खरी आहे म्हणूनच म्हणतोय. वाचणाऱ्याला काय वाटेल? अडीच महिने इथे सगळे झोपले होते." त्यांनी लॅपटॉप आपल्याकडे ओढला आणि ती ओळ पुसून लिहिलं: जबाबदार, सर्व संबंधित विभाग.

"सर, सर्व संबंधित म्हणजे कोणीच नाही. आत्तापर्यंत तेच झालंय. एकच नाव पाहिजे. तुमचं घाला, दत्ताभाऊंचं घाला, कोणाचंही."

प्रणय सर आवाज न चढवता म्हणाले, "तुमचं माहेर तिकडचं ना, ताई? मला माहितेय. मी कधी बोललो नाही. पण उद्या कोणी म्हणेल, हिनं आपल्या गावासाठी साहेबांना अडचणीत आणलं. तुम्हालाच त्रास होईल."

नेत्राची मान खाली गेली. चौदा वर्षं तिनं जपलेली गोष्ट त्यांनी किती हळूच टेबलावर ठेवली होती. सारांश सोळा तारखेला त्यांच्या ओळीसकट गेला. अर्ध्या तासात कुलदीप सरांचं उत्तर आलं: "उत्तम सारांश. टीम, कृपया मार्गी लावा."

त्या दुपारी तिनं जेट्टीवर दत्तात्रेयांना फोन केला. मंजुरी दोन मार्चलाच झाल्याचं सांगितलं.

"मला कोणी कळवलं नाही, ताई."

"आता कळवतेय ना, दत्ताभाऊ. झडपा सांगून टाका."

"तुमचा राग नाही. पण तोंडी सांगण्यावर मी एकदा काम केलंय. रेवसच्या धक्क्याला दगड टाकला होता. मागनं विचारलं, कोणाच्या हुकमानं? दोन वर्षं बढती अडली. माझं नाव मेलवर येऊ दे. दुसऱ्या दिवशी माणसं बांधावर दिसतील."

वीस मे आली आणि गेली. एकवीसला नेत्रा सकाळी लवकर ऑफिसात आली. शिपाईसुद्धा आला नव्हता. तिनं आपला मूळ सारांश काढला, तिसरी ओळ होती तशी ठेवली, मुदतीच्या ओळीत "ऑर्डरची तारीख काल उलटली" एवढं जोडलं, दोन्ही फांद्यांवरची सगळी नावं एकत्र केली, दत्तात्रेयांसकट, आणि पाठवून दिला.

त्यानंतरचे सहा दिवस प्रणय सर तिच्याशी कामापुरतंही बोलले नाहीत. मुंबईहून त्यांना फोन आला होता, हे सगळ्या मजल्याला कळलं. सत्तावीस मेला कुलदीप सरांची मेल आली. जबाबदार: दत्तात्रेय, जेट्टी विभाग. मुदत: दहा जून.

दत्तात्रेयांनी शब्द राखला. अठ्ठावीसला बारा माणसं बांधावर होती. पण झडपांना पनवेलवाल्यानं अठरा जून सांगितली, विनवण्या करूनही एक दिवस अलीकडे येईना. भरायला लागणारी चिकण माती भाताच्या शेतातनं उचलायची, तर पहिल्या सरींनी ती लिबलिबीत झाली होती. घातलेला थर बसायच्या आत सरकायचा. दत्तात्रेयांनी रोज संध्याकाळी मेल टाकली. आज आठ मीटर. आज अकरा. आज पुन्हा नऊ. सहा जूनला त्यांनी लिहिलं, मुदत पाळणं शक्य नाही, दहाऐवजी वीस जून धरावी, तोवर कुजलेल्या झडपांवर पत्रे ठोकतो आणि वाळूच्या गोणी रचतो. त्या मेलला कोणी उत्तर दिलं नाही.

सोळा जूनला मंगळवार होता. दुपारी साडेबाराच्या सुमारास सखुबाईचा फोन आला. ऑफिसच्या वेळात आई कधी फोन करत नसे.

"पानी आलं गो," सखुबाई म्हणाली. रडत नव्हती. बाजारातून काहीतरी आणायचं राहिलं असं सांगावं तशी सांगत होती. "दक्षिणेला खांड पडली. गोण्या गेल्या व्हावत. आता घरामागं हाय."

"तू वर जा. शाळेत जा, आई."

"जाते. बियानं पेरलेलं तेवढं वर काढता आलं न्हाय."

नेत्रा पोचली तेव्हा ओहोटी लागली होती. बांधातली खांड तीस मीटर रुंद झाली होती आणि तिच्यातून खाडी आत-बाहेर करत होती, जशी काही ही जागा पहिल्यापासून तिचीच. रोपांचे वाफे दिसत नव्हते. पलीकडच्या अंगाला गुडघाभर चिखलात दत्तात्रेय उभे होते, माणसं पांगल्यावरही. त्यांनी तिला पाहिलं आणि हातानं, जवळ येऊ नका, निसरडं आहे, अशी खूण केली. त्या दिवशी दोघांत तेवढंच बोलणं झालं.

चौकशी जुलैत झाली. मुंबईहून तीन जण आले, एसी चालू करून बसले आणि समोर सत्तावीस मेनंतरच्या सारांशाची प्रत ठेवली, मंजुरीची तारीख गळालेली. नेत्राचाच नमुना, एक पान, स्वच्छ. निर्णय काय होता? दिसतो आहे. मुदत कधीची? दहा जून. जबाबदार कोण? दत्तात्रेय. काम दहा जूनला झालं का? नाही. वीस मिनिटांत चौकशी उरकली. पूर्वीचा चार पानी सारांश असता तर त्यांना दोन दिवस लागले असते, आणि दोन दिवसांत कदाचित दोन मार्चही सापडली असती.

अहवालासाठीचा शेवटचा सारांश प्रणय सरांनी नेत्रालाच करायला दिला. तिनं तीन ओळी लिहिल्या आणि तिसरीखाली लगेच चौथी जोडली: "मंजुरी दोन मार्चची, नाव ठरले सत्तावीस मेला. मधले शहाऐंशी दिवस काम कोणाकडेच नव्हते. सहा जूनची मुदतवाढीची मागणी अनुत्तरित."

"हे मागच्या हकिकतीत घेऊ," प्रणय सर म्हणाले. "काढत नाहीये मी. खाली राहील."

"खालचं कोणी वाचत नाही, सर. तुम्हीच सांगितलं होतं मला."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. डोळ्यांखाली काळं आलं होतं. त्यांनाही झोप लागत नसावी. "माझी बायको सातव्या महिन्यात आहे, ताई," ते म्हणाले, आणि ती ओळ उचलून दुसऱ्या पानावर नेऊन ठेवली.

दुसऱ्या पानावर ती खरंच होती. कोणी काढली नाही. कोणी वाचलीही नाही.

दत्तात्रेयांना ऑगस्टपासून घरी बसवलं. निलंबन म्हटलं नाही, "स्वेच्छेनं निवृत्ती" म्हटलं. नेत्रा त्यांना भेटायला माणगावला गेली, गणपती नुकतेच उठले होते. त्यांनी तिला चहा दिला, मुलीच्या नोकरीबद्दल सांगितलं, बांधाचा विषय काढला नाही. तिला राहवलं नाही.

"ते नाव मी घालायला लावलं, दत्ताभाऊ. मी नसतं लिहिलं तर ओळ तशीच राहिली असती. सर्व संबंधित."

"आणि पाणी?"

"पाणी आलंच असतं."

"मग नाव घातलं ते बरं झालं," दत्तात्रेय म्हणाले. "मला बारा माणसं तरी लावता आली. अठरा-एकोणीस दिवस आम्ही काम केलं, ताई. वीस मीटरमधले बारा भरले होते. ते मी बघितलंय." त्यांनी कप खाली ठेवला. "फक्त ती सहा जूनची मेल. तिला कोणी नाही म्हटलं असतं, तरी चाललं असतं."

त्यांनी तिला दोष दिला असता तर बरं झालं असतं, असं परतीच्या एसटीत तिला वाटत राहिलं.

ऑफिसात आता सगळे विभाग तिच्याच पद्धतीनं सारांश लिहितात. कुलदीप सरांनी तसं परिपत्रकच काढलं. नवीन लागलेल्या मुलींना नेत्रा शिकवते: शेवटून वाचा, ठरलेलं आणि सुचवलेलं वेगळं काढा, मेल कोणाला पोचली नाही तेही बघा, जबाबदार म्हणून एकच नाव लिहा. हे शिकवताना तिचा आवाज सपाट असतो. एकीनं विचारलं, नाव घातल्यावर पुढे काय होतं? नेत्रा म्हणाली, "ते त्या माणसाला विचारायचं. काम त्याच्यानं होणार का, आणि किती दिवसांत. घालायच्या आधी." मुलीनं ते लिहून घेतलं.

झडपा पनवेलहून अठरा जूनलाच आल्या होत्या, सांगितल्या दिवशी. बसवायला बांधच राहिला नव्हता. खांड बुजवायला नवा विषय सुरू झाला, सप्टेंबरात पहिली मेल, दिवाळीपर्यंत एकतीस. पहिल्या तीन ओळी नेत्रा दर सोमवारी ताज्या करते. निर्णय: विचाराधीन. मुदत: निर्णयानंतर. जबाबदार: निर्णयानंतर.

भाऊबिजेला ती खारपेढ्याला गेली. सखुबाई घरात नव्हती. शेजारच्या ठमाबाईनं बोट दाखवलं, खारात बघ. नेत्रा बांधाच्या उरलेल्या तुकड्यावरून चालत गेली. ओहोटी होती. शेतावर मिठाची पांढुरकी कड धरली होती आणि मधल्या चिखलातून जागोजाग विताएवढे हिरवे कोंब वर आले होते. तिवराचे. भरतीबरोबर बी आत येतं आणि रुजतं. एकदा त्याचं झाड झालं की कायद्यानं ते तोडता येत नाही, आणि मग ते शेत शेत राहत नाही. अख्ख्या गावाला हे माहीत होतं. पलीकडच्या दोन गावांच्या खारी तशाच गेल्या होत्या.

सखुबाई लुगड्याचा काष्टा वर खोचून, वाकून एकेक कोंब उपटत होती. दीड एकरातला कोपरासुद्धा झाला नव्हता, आणि झालेल्या भागात उद्याची भरती पुन्हा बी टाकणार होती.

"आई, किती उपटशील?"

"जेवडी उपटतील तेवडी," सखुबाई म्हणाली, मान वर न करता. "उभी नको ऱ्हाऊस. त्या अंगानं घे."

नेत्रानं चपला बांधावर काढल्या, नवी साडी गुडघ्यापर्यंत वर घेतली आणि चिखलात उतरली.